पेरली तर उगवेल का? कॉफीच्या बीवरचं आठवीतल्या मुलीचं पाच मिनिटांचं भाषण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. आमच्या आठवीच्या वर्गात शुक्रवारचा शेवटचा तास मुलांचा असतो. एका मुलानं किंवा मुलीनं घरात रोज दिसणाऱ्या एखाद्या वस्तूवर पाच मिनिटं बोलायचं, मग वर्गानं पाच मिनिटं प्रश्न विचारायचे. गूळ, खराटा, कोल्हापुरी चप्पल असे विषय होऊन गेले होते. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी सईची पाळी होती. (नाव बदललं आहे.) तिनं विषय दिला होता, 'कॉफीची बी ते कपातली कॉफी'.

सईचे वडील ट्रक चालवतात. गूळ घेऊन कर्नाटकात चिकमगळूरकडे त्यांच्या खेपा असतात. तिथल्या एका मळ्यात वाळवणाच्या अंगणावर काम करणारे गृहस्थ त्यांच्या ओळखीचे झाले आहेत. त्यांनी तीन पुड्या बांधून दिल्या होत्या. पहिलीत वाळून काळपट झालेली अख्खी फळं होती, त्यांना मळ्यात नुसतं 'चेरी' म्हणतात. दुसरीत फिकट पिवळ्या कडक टरफलातल्या बिया होत्या, त्याला म्हणतात 'पार्चमेंट'. तिसरीत टरफल काढलेली कच्ची कॉफी होती, हिरवट-करड्या रंगाची. पहिल्या दोन पुड्या या हंगामातल्या होत्या. तिसरी आदल्या वर्षीच्या पोत्यातली होती. ही शेवटची गोष्ट त्या वेळी कुणाच्याच लक्षात आली नाही. पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ तिथं आहे.

अडचण

सोमवारी सईनं मला भाषण म्हणून दाखवलं. पाठांतर चोख होतं, पण लागली अकरा मिनिटं. पहिली चार मिनिटं इथिओपियातल्या शेळ्या आणि त्यांच्या मेंढपाळाची दंतकथा. नंतरची दोन मिनिटं बाबा बुडनांची. मक्केहून येताना त्यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, साल साधारण १६७०, असं सांगतात. त्यानंतर अरेबिका, रोबस्टा, समुद्रसपाटीपासूनची उंची, पावसाचे मिलिमीटर. बी फळातून बाहेर पडेपर्यंत आठ मिनिटं झाली. भाजणं एका वाक्यात उरकलं, 'नंतर बिया भाजतात व पूड करतात', आणि कप आला.

म्हणजे जे सगळ्यात विचित्र आहे तेच राहून गेलं होतं. कच्च्या कॉफीला कॉफीचा वास अजिबात नसतो. तिसऱ्या पुडीत नाक घातलं तर वाळलेल्या गवताचा, फार तर कच्च्या मटारच्या जवळ जाणारा वास येतो. मग तो कपातला वास येतो कुठून? याचं उत्तर त्या राहून गेलेल्या वाक्यात होतं.

तेवढ्यात एक मुलगा वही द्यायला आला. टेबलावरच्या हिरव्या दाण्यांकडे बघून म्हणाला, "बाई, ही पेरली तर उगवंल का?"

सई म्हणाली, "उगवेल की. बीच आहे ती."

"मग आमच्या घरातली डब्यातली?"

"ती भाजलेली असते. ती नाही उगवणार."

"मग ही नक्की उगवणार?"

सई माझ्याकडं बघायला लागली. मलाही नक्की सांगता येईना.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सईचाच होता, इतिहास गाळून बाकी सगळं ठेवायचं. त्यानं वेळ बसला असता, पण राहिली असती ती यादी: फूल, फळ, तोडणी, धुणं, वाळवणं, भाजणं, दळणं, गाळणं. आठ पायऱ्यांचा तक्ता मुलं ऐकतात आणि विसरतात. याच वर्गात गुळाच्या भाषणाचं तसं झालं होतं.

दुसरा, वर्गातच कढई ठेवून दाणे भाजून दाखवायचे. मला हा मोहात पाडणारा वाटला. पण कॉफी भाजताना धूर बराच होतो, साल उडते, आणि ४२ मुलांच्या खोलीत गॅसची शेगडी नको, असं मुख्याध्यापक म्हणाले. बरोबरच म्हणाले. शिवाय भाजायला बारा-पंधरा मिनिटं लागतात, ती पाचात कुठून आणणार?

तिसरा पर्याय त्या मुलाच्या प्रश्नातून निघाला. एकच बी धरायची, तिच्या मागोमाग जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर एकच विचारायचं: आत्ता ती पेरली तर उगवेल का? प्रश्न तोच राहतो, उत्तर बदलत जातं, त्यामुळे पाठांतर लागत नाही. इतिहासही आपोआप एका वाक्यात मावतो. बाबा बुडनांनी आणलेल्या बिया उगवल्या, म्हणजे त्या भाजलेल्या नव्हत्या. सईला हे वाक्य इतकं आवडलं की बाकीचा इतिहास तिनं स्वतःहून खोडला.

कॉफी प्यायला द्यायची का, हाही प्रश्न होता. मुलं तेरा वर्षांची, त्यांच्या घरी विचारलेलं नाही. म्हणून वास सगळ्यांना, घोट कुणालाच नाही असं ठरवलं.

तयारी: रविवारची कढई

आदल्या रविवारी सईनं आईबरोबर घरी कॉफी भाजून पाहिली होती. ती खेप फसली. लोखंडी कढई, मोठी आच, मूठभर दाणे. सहा मिनिटांत दाणे काळे झाले, आईनं गॅस बंद केला. सईनं एक दाणा चावून बघितला तर बाहेर कडू जळका आणि आत अजून कच्चा, गवतासारखा. कॉफीच्या बीची एक बाजू सपाट असते, कारण फळात दोन बिया एकमेकींना टेकून बसलेल्या असतात. ती सपाट बाजू तापल्या लोखंडाला चिकटली की तेवढीच करपते. त्या दाण्यांवर नेमके तसे काळे डाग होते. आच जास्त आणि हलवणं कमी, हे त्या डागांवरूनच कळतं.

बुधवारी संध्याकाळी दुसरी खेप केली, तेव्हा मीही तिच्या घरी गेले होते. दीडशे ग्रॅम दाणे, मध्यम आच, उलथनं एकदाही थांबवायचं नाही, खिडक्या उघड्या. सईच्या भावानं मिनिटं लिहायची आणि दर टप्प्याला चमचाभर दाणे काढून वाटीत ठेवायचे.

पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडलं नाही, असं वाटलं. प्रत्यक्षात तेव्हा आतलं पाणी निघत असतं. मग दाणे पिवळे पडले आणि घरात भाकरी भाजल्यासारखा वास आला. आठव्या-नवव्या मिनिटाला ते तांबूस झाले, अंगावरची पातळ साल सुटून कढईत फिरायला लागली, शेंगदाणे भाजताना सुटते तशी. अकराव्या मिनिटाला टक्क असा आवाज आला. मग दुसरा, मग चारपाच एकदम. आई म्हणाली, "लाह्याच फुटायला लागल्या की!"

तिचं म्हणणं बऱ्यापैकी खरं होतं. ज्वारीची लाही फुटते ती आतल्या वाफेच्या दाबानं. कॉफीतही वाफ आणि भाजताना तयार झालेले वायू आत कोंडतात आणि दाणा तडकतो. फरक इतकाच की लाही उलटून बाहेर येते, कॉफीचा दाणा नुसता फुगतो. दाण्याचं तापमान या वेळी साधारण १९५ ते २०० अंशांच्या आसपास असतं. घरी थर्मामीटर नसला तरी हा टक्क आवाज तेच सांगतो. तो येण्याआधी उतरवली तर कॉफी कच्चट, आंबट लागते. तो थांबल्यावरही बराच वेळ ठेवली तर दुसरी, बारीक तडतड सुरू होते, दाण्यावर तेल दिसायला लागतं आणि पुढचा रस्ता कोळशाचा असतो.

आम्ही तेराव्या मिनिटाला उतरवली आणि लगेच सुपात ओतली. कढईत ठेवली असती तर कढईच्या उष्णतेनं ती भाजतच राहिली असती. आईनं सूप पाखडलं, साल उडून गेली. वजन केलं तर १२७ ग्रॅम. बाहेर काढलेले चमचे धरून हिशेब करायचा हे आम्हाला ऐन वेळी सुचलं, म्हणून वाट्यांतले नमुनेही तराजूवर चढले आणि मग हा आकडा आला. म्हणजे २३ ग्रॅम, सहाव्या हिश्श्याहून थोडं कमी, हवेत गेलं. नमुने तर पूर्ण भाजलेलेही नव्हते, त्यामुळे खरी घट याहून किंचित जास्तच. त्यात बहुतेक पाणी. पण एक वाटी दाणे दीड वाटी झाले होते. वजन कमी आणि आकार मोठा, हे सईला भाषणात घ्यायचंच होतं.

काय झालं

शुक्रवारी टेबलावर पाच वाट्या होत्या: वाळलेलं फळ, पार्चमेंट, कच्ची कॉफी, पिवळी झालेली, आणि भाजलेली. सई हातात कागद न घेता उभी राहिली. सुरुवात अशी केली: "ही बी आहे. इंग्रजीत हिला बीन म्हणतात, पण ही घेवड्याच्या जातीची नाही. हिचं फळ करवंदाएवढं असतं, पिकल्यावर लाल होतं. पेरली तर उगवेल का?"

वर्ग ओरडला, "हो!"

मग फळाची गोष्ट. मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत मळा पांढरा होतो, जाई-जुईसारखा वास सुटतो, आणि फूल दोन-तीन दिवसांत जातं. तिथून अरेबिकाचं फळ पिकायला आठ-नऊ महिने लागतात. साल आणि गर यंत्रानं काढला तरी बीवर बुळबुळीत थर राहतो. इथं तिनं विचारलं, "भोकर खाल्लंय कुणी?" निम्मे हात वर झाले. "भोकराचा चिकट गर जिभेवरनं निघतो का? तसंच." तो थर नुसता धुऊन जात नाही. बिया दीड-एक दिवस टाकीत ठेवतात, सूक्ष्मजीव तो सैल करतात, आणि मग पाण्यानं धुतात. हात घातल्यावर बी खरखरीत लागली की झालं, हे तिला वडिलांनी फोनवर विचारून सांगितलं होतं. काही मळे हे काहीच करत नाहीत, अख्खं फळ उन्हात वाळवतात. पहिली वाटी त्यातली.

नंतर वाळवणं. ओल्या बीत जवळजवळ निम्मं पाणी असतं, ते दहा-अकरा टक्क्यांवर आणतात. त्याहून ओली राहिली तर बुरशी येते.

आणि मग तिसरी वाटी. इथं सईनं स्वतःच्या मनानं एक वाक्य टाकलं, तालमीत नसलेलं: "भात पेरला की उगवतो, तांदूळ पेरला तर उगवत नाही. तसंच पार्चमेंट उगवतं, ही टरफल काढलेली नाही उगवत." वर्गाला ते एकदम पटलं. आमच्या भागातल्या पोरांना भात आणि तांदूळ समजावून सांगायला लागत नाही. मलाही आवडलं. मी मान डोलावली.

चौथी आणि पाचवी वाटी तिनं डोळे मिटायला लावून फिरवली. पिवळ्या दाण्यांना कुणी फुटाणे म्हणालं, कुणी भाकरीची पापडी. पाचव्या वाटीला एका सुरात 'कॉफी!' तेव्हा तिनं सांगितलं की भाकरीवरचे तांबूस डाग, परतलेला कांदा आणि हा वास, तिन्हीच्या मागे एकच प्रकार आहे. साखरेचे आणि प्रथिनांचे घटक उष्णतेनं एकमेकांशी जुळतात आणि बीत आधी नसलेले शेकडो नवे पदार्थ तयार होतात. शेवटी तिनं २० ग्रॅम पूड काचेच्या भांड्यात घेऊन केटलमधलं उकळून मिनिटभर थांबलेलं पाणी ओतलं आणि फडक्यातून गाळलं. पाच मिनिटं वीस सेकंद.

प्रश्नांत एक अवघड आला. "आमच्यात चोथा राहतच नाही. पूड सगळी विरघळते. मग ही खोटी का ती खोटी?" सईला उत्तर येत नव्हतं. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "सोमवारी सांगते." मी गप्प बसले, आणि त्या तासात मी केलेलं ते सर्वांत बरं काम असावं. सोमवारी तिनं सांगितलं की ती कॉफी कारखान्यात एकदा करून झालेली असते. अर्क काढतात आणि त्यातलं पाणी गरम हवेत फवारून किंवा गोठवून काढून टाकतात. उरते ती पूड, म्हणून चोथा कारखान्यातच राहतो. त्या मुलानं डब्यावरचं लेबल वाचून आणलं होतं, त्यात चिकोरीही निघाली. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा येतो. लेबलावर प्रमाण लिहून ती विकली तर ती भेसळ नव्हे, हेही तेव्हाच बोलून झालं.

चोथ्याचंही सोमवारी कळलं. शनिवार-रविवार उन्हात वाळवलेला चोथा १६ ग्रॅम भरला. म्हणजे २० पैकी ४ ग्रॅम, पाचवा हिस्सा, पाण्यात गेला होता. आमचा तराजू एका ग्रॅमचा आहे, तेव्हा ३ किंवा ५ही असू शकतील. पण चांगल्या गाळलेल्या कॉफीत साधारण एवढाच भाग उतरतो. याहून जास्त काढायला गेलं, म्हणजे पूड फार बारीक केली किंवा उकळत ठेवली, तर कडवटपणा उतरतो.

चूक कुठं झाली

शुक्रवारी तास संपल्यावर मुलांनी खिडकीतल्या ट्रेमध्ये तीन ओळी पेरल्या: दहा पार्चमेंट, दहा कच्च्या, दहा भाजलेल्या. माती आणि वाळू, वर गवताचं पातळ आच्छादन, एक दिवसाआड पाणी. कॉफीची बी सावकाश उगवते, दीड महिना धरावा लागतो. मार्चच्या मध्याला पार्चमेंटच्या ओळीतून चार कोंब आले. भाजलेले तसेच पडून होते. कच्च्या दाण्यांना बुरशी आली होती.

वर्गानं निष्कर्ष काढला: टरफल काढलं की बी उगवत नाही. भात-तांदळासारखंच. सईचं वाक्य खरं ठरलं, टाळ्या पडल्या.

मला मात्र त्या रात्री ते खटकलं. तांदूळ उगवत नाही तो टरफल निघालं म्हणून नव्हे. सडताना आणि पॉलिश करताना दाण्याच्या टोकाला असलेला अंकूरच निघून जातो. कॉफीचं तसं नाही. तिचा अंकूर बीच्या आत, वरच्या थराखाली असतो. पार्चमेंट हातानं सोलून काढलं तर तो जागेवरच राहतो. मग आमची कच्ची कॉफी का कुजली? सईच्या वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ती गेल्या सालची ओ बाई. या सालची अजून सोलायची होती."

कॉफीची बी गहू-ज्वारीसारखी वर्षानुवर्षं टिकणारी नसते. वाळवून साध्या हवेत ठेवली की काही महिन्यांत तिची उगवण उतरत जाते. आमची कच्ची कॉफी वर्षाहून जुनी होती. म्हणजे दोन ओळींत दोन फरक होते, टरफल आणि वय, आणि आम्ही सगळा दोष टरफलावर टाकला होता.

उरलेल्या पार्चमेंटमधल्या दहा बिया मुलांनी नखांनी सोलल्या. कॉफीची आतली चंदेरी साल तशीच राहू दिली. त्या पेरल्या आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तीन कोंब आले, पहिला ३३व्या दिवशी. पार्चमेंटवाल्यांहून लवकर आले, पण त्यातलं किती टरफल नसल्यामुळं आणि किती एप्रिलच्या उन्हामुळं, हे आमच्या ट्रेवरून सांगता येणार नाही. टरफल नसतानाही बी उगवते, एवढं मात्र दिसलं.

पुन्हा करायचं झालं तर

पुड्या आल्या त्याच दिवशी प्रत्येकीवर हंगाम लिहून घेईन. पेरताना पहिल्याच दिवशी चौथी ओळ, ताज्या सोललेल्या बियांची, टाकेन. तेवढ्यानं चुकीचा निष्कर्ष वाचला असता.

भात-तांदळाच्या वाक्याबद्दल माझं मन अजून दुहेरी आहे. ते थांबवलं असतं तर सईचा ओघ तुटला असता आणि वर्गानं ट्रेकडं इतकं लक्ष दिलं नसतं. न थांबवल्यामुळं ४२ मुलं दीड महिना चूक घेऊन बसली. आता वाटतं, तिला बोलू द्यायचं होतं, पण प्रश्नांच्या वेळी मीच विचारायला हवं होतं: तांदळातलं काय निघून जातं? त्याचं उत्तर वर्गातल्या चारपाच जणांना तरी येत होतं, त्यांच्या घरी भाताची गिरणी आहे.

भाजण्याचे आकडेही अधिक नीट घेता आले असते. मधले नमुने काढायचे ठरलं होतं, तर दोन खेपा करायला हव्या होत्या, एक नमुन्यांसाठी आणि एक वजनासाठी.

सईला वर्गानं चूक दाखवली तेव्हा ती थोडी हिरमुसली. मग तिनं ट्रेजवळ कागद चिकटवला: 'सोललेल्या – ३, जुन्या – ०'. कोंब मातीतून वर येताना बी डोक्यावर घेऊनच येतात. मळेवाले त्या अवस्थेला 'टोपी' म्हणतात. आमच्या मुलांनी ते ऐकायच्या आधीच त्यांना शिपाई म्हणायला सुरुवात केली होती. मेच्या सुट्टीत ट्रे सईच्या घरी गेला. जूनमध्ये परत आला तेव्हा सातपैकी पाच शिपाई उरले होते, आणि त्यांनी टोप्या काढून दोन-दोन गोल पानं उघडली होती.